घरघर कुणाची, आवाज कुणाचा: सिंगल-कॉइल आणि हंबकर निवडण्याआधी

उन्हाळा लागला की माझ्याकडे एक मागणी हमखास येते. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठलाही पोरगा असो, स्ट्रॅटच्या आकाराची गिटार टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, याच्यात हंबकर टाकून द्या. घरघर करते, आणि रॉकला पाहिजे तसा दमदार आवाजही निघत नाही." त्याच्या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. पहिली बाहेरून येणाऱ्या आवाजाची, दुसरी गिटारच्या स्वतःच्या आवाजाची. सिंगल-कॉइल आणि हंबकर हे पिकअपचे, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचे, दोन प्रकार. हंबकर दोन्ही तक्रारींवर थोडंथोडं काम करतो, म्हणून दोन्हींचं औषध एकच असं वाटतं. तसं नाही. पैसे खर्च करण्याआधी या दोन तक्रारी वेगळ्या कशा करायच्या आणि मग निर्णय कसा घ्यायचा, ते क्रमाने सांगतो.

आत काय असतं, तेवढं आधी

सिंगल-कॉइल पिकअप म्हणजे तारांखाली सहा चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये साधारण आठ हजार. स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. गोची अशी की हे वेढे एखाद्या अँटेनासारखे उघडेच असतात. आपल्या लाइनची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे खाते. जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा मोटारीचं क्षेत्र त्या वेढ्यांना सापडलं की तेही ॲम्पमधून ऐकू येतं.

यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी उपाय काढला आणि 1955 साली पेटंटसाठी अर्ज केला. 1957 पासून तो पिकअप लेस पॉल गिटारवर येऊ लागला. शेजारी शेजारी दोन कॉइल ठेवायच्या, त्यांची जोडणी एकमेकींच्या उलट करायची आणि त्यांच्या चुंबकांची दिशाही उलट ठेवायची. बाहेरची घरघर दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते, जोडणी उलट असल्यामुळे ती कटते. तारेचा आवाज मात्र चुंबकामुळे एकदा उलटतो आणि जोडणीमुळे दुसऱ्यांदा, म्हणून तो बेरजेत येतो.

आता आवाजातला फरक. हंबकर तारेला एका जागी न ऐकता दोन जागी ऐकतो. अगदी वरच्या, बारीक कंपनांच्या बाबतीत या दोन जागांवरचे आवाज एकमेकांना थोडे खातात. शिवाय दोन कॉइल मालिकेत जोडल्यामुळे पिकअपचा स्वतःचा कळस, म्हणजे जिथे तो सगळ्यात जास्त झळकतो ती पट्टी, खाली येतो. म्हणून हंबकर जाड, मधल्या पट्टीत भरलेला आणि जोरकस वाटतो. सिंगल-कॉइलमध्ये पिकचा तारेवरचा पहिला घाव स्पष्ट ऐकू येतो, काचेसारखी चकाकी राहते, आणि ब्रिजवरचा पिकअप थोडा बोचतो.

पहिली पायरी: घरघरीचा उगम शोधा

ही पायरी लांबलचक सांगतो, कारण खानदेशात निम्मे निर्णय इथेच चुकतात. मागच्या उन्हाळ्यातली एक गिटार उदाहरणाला घेतो. जळगावातला चार जणांचा बँड, गच्चीखालच्या खोलीत सराव. एकाकडे तीन सिंगल-कॉइलवाली गिटार, दुसऱ्याकडे दोन हंबकरवाली. पहिल्याची गिटार इतकी गुणगुणायची की डिस्टॉर्शन लावलं की दोन ओळींच्या मध्ये शांतता मिळायचीच नाही. गिटार माझ्याकडे आली तेव्हा माझ्या टेबलावर ती बऱ्यापैकी शांत होती. म्हणजे दुखणं खोलीत होतं, तेव्हा खोलीतच गेलो.

तिथे आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला. घरघर जवळजवळ गेली. याचा अर्थ ॲम्प आणि केबल ठीक होते. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घरघर तशीच राहिली असती, तर पिकअप बदलून काहीच उपयोग नव्हता. ती ॲम्पची, केबलची किंवा अर्थिंगची असते. ॲम्पच्या आतल्या वीजपुरवठ्याची घरघर बहुतेक वेळा 100 हर्ट्झची असते, आणि सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट साधारण 98 हर्ट्झचा असतो. घरघर त्या सुरावर बसत असेल तर आधी ॲम्पकडे बघा.

मग व्हॉल्यूम पूर्ण उघडून तारांवर हात ठेवला. वरची "झीं" एकदम कमी झाली, खालची "घूं" तशीच राहिली. हे दोन वेगळे पाहुणे आहेत. "झीं" तुमच्या शरीरातून आणि गिटारच्या उघड्या वायरिंगमधून शिरते, तारांना हात लागला की जमिनीत जाते. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्तातले एलईडी बल्ब आणि लाइट गेल्यावर चालणारे साधे इन्व्हर्टर तिचे नेहमीचे उगम. "घूं" चुंबकीय आहे, ती हात लावून जात नाही. हंबकर मारतो ती हीच "घूं". "झीं"वर त्याचा फारसा इलाज नाही, हे बहुतेक पोरांना माहीतच नसतं.

हात लावल्यावर आवाज कमी न होता वाढला, तर गिटारच्या आत सिग्नलची वायर आणि जमिनीची वायर अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. हे सोल्डरिंगचं काम, पाच मिनिटांचं.

तिसरी तपासणी: उभ्या उभ्या स्वतःभोवती सावकाश फिरा. त्या खोलीत खिडकीकडे तोंड केलं की "घूं" शिगेला जायची, दाराकडे तोंड केलं की निम्म्याच्याही खाली यायची. खिडकीत कूलर होता. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलर बंद करा म्हणणं म्हणजे सराव बंद करा म्हणणंच आहे. म्हणून कूलर तसाच ठेवला, पण वादकाची जागा दुसऱ्या भिंतीकडे नेली आणि ॲम्पपासून किमान दोन मीटर अंतर ठेवायला सांगितलं. ॲम्पच्या आतला ट्रान्सफॉर्मर हाही एक उगमच आहे, आणि पोरं ॲम्पला टेकूनच वाजवतात.

चौथी तपासणी निवडीच्या स्विचची. पाच जागांच्या स्विचमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप एकत्र वाजतात. अनेक गिटारींमध्ये मधला पिकअप मुद्दाम उलटा गुंडाळलेला असतो आणि त्याची चुंबकंही उलटी असतात. त्यामुळे या दोन जागांवर सिंगल-कॉइलवाली गिटारसुद्धा हंबकरप्रमाणे घरघर कापते. तुमच्या गिटारमध्ये असं आहे का, हे कानानेच कळतं: पहिल्या जागेवरून दुसरीवर आल्यावर "घूं" गायब झाली पाहिजे. शंका असेल तर लहानसं होकायंत्र आळीपाळीने पिकअपवर धरा. मधल्यावर सुई उलटी फिरली की झालं. वास्तू बघणाऱ्यांकडचं होकायंत्रही चालतं, दिशादोषाची चर्चा मात्र त्यांच्यापाशीच ठेवा.

त्या गिटारमध्ये मधला उलटाच होता. "झीं"साठी मी आतली पोकळी चिकट तांब्याच्या पट्टीने मढवली आणि ती पट्टी जमिनीच्या वायरला जोडली. यानंतर तक्रार उरली ती फक्त पहिल्या जागेवरची, म्हणजे एकट्या ब्रिज पिकअपवर भरपूर डिस्टॉर्शन लावल्यावरची. तिच्यासाठी हंबकरचा विचार करणं योग्य आहे.

इथे अर्थिंगबद्दल दोन शब्द, कारण जिवाशी गाठ आहे. उन्हाळ्यात जमीन वाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं. घरमालकाला खड्ड्यात पाणी घालायला सांगा. वाजवताना माइकला ओठ लागल्यावर चटका किंवा मुंग्या जाणवल्या, तर त्याच क्षणी थांबा, प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. घरघर जाते म्हणून ॲम्पची तिसरी पिन काढणं किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणं हा प्रकार मी अनेक मंडपांत पाहिला आहे. घरघर जाते हे खरं, पण त्यानंतर ॲम्पमध्ये काही बिघडलं तर करंट तुमच्या तारांवर येतो.

दुसरी पायरी: समान जोरावर ऐका

आता आवाजाची तुलना. यासाठी हंबकर आणि सिंगल दोन्ही असलेली गिटार सगळ्यात सोयीची. अशा गिटारमध्ये ब्रिजवर हंबकर आणि पुढे दोन सिंगल असतात. ती नसेल तर मित्राची गिटार मागा, ॲम्प आणि केबल मात्र तेच ठेवा.

हंबकरचा जोर मुळातच जास्त असतो आणि कानाला जास्त जोराचा आवाज नेहमी चांगला वाटतो. म्हणून दुकानात पाच मिनिटं वाजवून घेतलेला निर्णय बहुधा हंबकरच्या बाजूने झुकतो. हे टाळायला सिंगलवर वाजवताना ॲम्पचा गेन थोडा वाढवा, दोन्हींचा जोर सारखा करा. हंबकर वाजवताना गिटारच्याच नॉबने जोर कमी करायचा मोह होईल, पण तसं करू नका. गिटारचा व्हॉल्यूम खाली आणला की केबलमुळे वरची चकाकीही जाते, आणि मग तुम्ही पिकअपची नव्हे, नॉबची तुलना करत असता.

फोनवर रेकॉर्ड करा. एकच रिफ, एकच पिक, एकच वेग. पहिल्या फेरीत आवाज स्वच्छ ठेवा आणि एक मोकळा जी कॉर्ड तार-तार करून वाजवा. सिंगलवर सहाही तारा वेगवेगळ्या मोजता येतील. हंबकरवर त्या एकमेकींना टेकून येतील, पण प्रत्येक सुराची मागची शेपटी जास्त भरलेली असेल.

दुसऱ्या फेरीत गेन मध्यावर. जुन्या धाटणीच्या रॉकचा आवाज इथे मिळतो, आणि दोन्ही पिकअप इथे चांगले वाजतात. हंबकर ॲम्पला लवकर फोडतो, सिंगलवर तीच फूट जोरात पिक मारल्यावर येते. म्हणजे हळू वाजवलं तर स्वच्छ, जोरात वाजवलं तर खरखरीत, असा ताबा सिंगलवर हाताने मिळतो. जिमी हेंड्रिक्स किंवा रिची ब्लॅकमोर ऐकताना स्ट्रॅटवर इतका मोठा आवाज कसा निघतो असं वाटतं ना? त्यातला बराच वाटा या हाताच्या ताब्याचा आणि जोरात उघडलेल्या ॲम्पचा आहे.

तिसऱ्या फेरीत गेन पूर्ण. सहाव्या तारेवर पाम म्यूट करून "ठक ठक ठक" वाजवा, मग दोन सुरांचा पॉवर कॉर्ड. हंबकरवर ठोका घट्ट आणि छातीत बसणारा येईल. सिंगलवर तोच ठोका पातळ आणि कडक येईल, आणि थांबल्या थांबल्या मागची घरघर पुढे येईल. आता त्याच गेनवर नेकचा पिकअप घेऊन पूर्ण सहा तारांचा ई मायनर वाजवा. नेकवर हंबकर असेल तर कॉर्डचं भरीत होतं. सगळं आहे, पण वांग्याची फोड कुठली ते सांगता येत नाही. नेकवर सिंगल असेल तर फोडी दिसत राहतात.

तिसरी पायरी: पिकअपची उंची

ही पायरी फुकट आहे आणि बहुतेक जण ती ओलांडून जातात. पिकअपच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी तो खालीवर होतो. मापायच्या वेळी शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या माथ्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या पट्टीने बघा. स्टीलची पट्टी आणि आपली रुपयाची नाणी चुंबकाला चिकटतात, मग माप घेता घेता तार आणि हात दोन्ही हलतात.

साध्या सिंगल-कॉइलसाठी सुरुवातीचं माप म्हणून जाड तारेखाली 2 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली 1.6 मिलिमीटर धरा. हंबकरसाठी ब्रिजवर साधारण 1.6 आणि नेकवर 2.4. तिथून कानाने पुढे जा, एका वेळी स्क्रूचा अर्धा फेरा.

सिंगल-कॉइलचा पिकअप फार वर घेतला तर एक विचित्र दोष येतो. त्याची चुंबकं थेट तारांखाली असतात आणि जाड तारेला ओढतात. सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवलं की सूर डगमगतो, जणू दोन सूर एकमेकांशी भांडतात. ट्यूनर लावला तरी काटा स्थिर होत नाही. लोक ब्रिजचे सॅडल फिरवत बसतात, आणि दोष असतो नेकच्या पिकअपचा. तो दोन फेरे खाली घ्या, डगमग थांबते. हंबकरमध्ये चुंबक कॉइलच्या तळाशी असतं, म्हणून ही ओढ कमी जाणवते. तिथे उंची वाढवण्याचा तोटा वेगळा: आवाज घुसमटतो.

नेक हंबकरचं भरीत होत असेल तर त्याची जाड तारेकडची बाजू खाली घ्या आणि ॲम्पवरचा बास कमी करा. या दोन गोष्टींनी निम्म्या लोकांना नवा पिकअप लागतच नाही.

त्या जळगावच्या पोराचा ब्रिज पिकअप जाड तारेखाली जवळजवळ तीन मिलिमीटरवर होता. दमदार आवाज निघत नाही ही तक्रार बरीचशी तिथेच होती. तो दोनवर आणला आणि ॲम्पचा ट्रेबल थोडा कमी केला, तेव्हा पोराचा चेहराच बदलला.

चौथी पायरी: बँडमध्ये कोण कुठे

एकट्याने खोलीत वाजवताना हंबकर राजा वाटतो. बँडमध्ये दोन्ही गिटारवाले हंबकरवर, दोघांचा गेन पूर्ण, आणि दोघंही तोच पॉवर कॉर्ड वाजवत असले, की बास गिटार आणि ड्रमचा किक बुडतो. प्रेक्षकांना भिंत ऐकू येते, रिफ नाही. गंमत अशी की मोठ्या, जड आवाजासाठी बऱ्याचदा गेन कमीच लागतो. एसी/डीसीचे अँगस यंग गिब्सन एसजी गिटारच्या हंबकरवर वाजवतात तो खणखणीत रिफ लोकांना वाटतं त्यापेक्षा खूपच कमी डिस्टॉर्शनवर उभा आहे.

त्या बँडचं गाणं असं बसवलं. कडव्यात सिंगलवाला चौथ्या जागेवर, म्हणजे मधला आणि नेक एकत्र, जवळजवळ स्वच्छ आवाजात कॉर्डचे सूर सुटे सुटे वाजवतो. ती जागा घरघर कापते, म्हणून शांत कडव्यात त्रास नाही. ध्रुवपदात हंबकरवाला ब्रिजवर पाम म्यूटची रिफ धरतो आणि सिंगलवाला तीच रिफ न वाजवता पाचव्या-सातव्या फ्रेटवर वरच्या तारांचे छोटे कॉर्ड देतो, तेही मध्यम गेनवर. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या झाल्या, दोघंही ऐकू येऊ लागले. आणि ब्रिजवरचं भरपूर डिस्टॉर्शन, जिथे सिंगल उघडा पडत होता, त्याची त्याला गरजच उरली नाही.

पाचवी पायरी: तरीही बदलायचाच असेल तर

तुम्ही बँडमध्ये एकटेच गिटारवाले असाल, आवाज जड लागत असेल आणि तपासण्यांमध्ये उरलेली घरघर "घूं"च निघाली असेल, तर ब्रिजवर हंबकर टाका. स्ट्रॅटमध्ये लाकूड न कोरता बसेल असा सिंगलच्या आकाराचा हंबकरही मिळतो. त्याच्या दोन कॉइल अरुंद असतात, म्हणून आवाज पूर्ण आकाराच्या हंबकरइतका रुंद नसतो, पण घरघर तशीच कापतो. एडी व्हॅन हॅलन यांनी स्ट्रॅटच्या शरीरात मोठा हंबकर बसवून आपला आवाज मिळवला. तो मार्ग हवा असेल तर लाकूड कोरायची तयारी ठेवा.

व्हॉल्यूमच्या नॉबखाली जो फिरता रेझिस्टर असतो, त्या पॉटचं मूल्यही बघा. सिंगलसोबत साधारण 250 किलोओहमचा पॉट वापरतात, हंबकरसोबत 500 चा. 250 वर हंबकर थोडा दबलेला वाटतो, 500 वर सिंगल जास्त बोचतो. मिश्र गिटारमध्ये 500 चा पॉट ठेवून सिंगलवर असताना टोन नॉब सातच्या आसपास आणणं ही सगळ्यात सोपी तडजोड. थोडं सोल्डरिंग येत असेल आणि स्विचवर जागा असेल, तर फक्त सिंगल चालू असताना 470 किलोओहमचा रेझिस्टर व्हॉल्यूम पॉटला समांतर येईल अशी जोडणी करता येते. मग पॉट सिंगलला 240 च्या आसपास दिसतो.

चार वायरींचा हंबकर घेतला तर एक कॉइल बंद करायचा स्विच लावता येतो. दुकानदार त्याला "दोन गिटार एकात" म्हणून विकतात. अर्धं खरं आहे. एक कॉइल बंद केली की जोर पडतो, "घूं" परत येते आणि आवाज सिंगलच्या दिशेला जातो, पण अस्सल स्ट्रॅटपर्यंत पोचत नाही. त्या एका कॉइलचे वेढे कमी असतात आणि चुंबकाची मांडणी वेगळी असते. कडव्यापुरता वेगळा रंग म्हणून ठीक, त्यासाठी हंबकर निवडू नका.

स्टेजवर

गॅदरिंगच्या किंवा गणपतीच्या मंडपात वीज बऱ्याचदा जनरेटरवर असते आणि लाइटवाल्याचे डिमर त्याच लाइनवर. साउंड चेकच्या वेळी सगळे लाइट चालू करायला सांगा, नाहीतर खरी "झीं" पहिल्या गाण्यालाच कळते. ॲम्पची लाइन लाइटच्या बोर्डापासून वेगळी मागा. सिंगलवाल्याने स्वतःभोवती फिरून सगळ्यात शांत दिशा शोधावी आणि तिथे पायाखाली टेपची खूण करावी. नॉइज गेटचं पेडल असेल तर ते दोन ओळींमधली शांतता देतं, पण सूर चालू असताना त्यातली घरघर काढत नाही, आणि जास्त कडक लावलं तर लांबवलेल्या सुराची शेपटी कापतं. दोन गाण्यांच्या मध्ये व्हॉल्यूम शून्यावर आणायची सवय मात्र पेडल असो वा नसो, ठेवाच.